पहारेकरी आणि पिल्लू

प्रश्न : पावसाळ्यात शाळेच्या पहारेकऱ्याशी कुत्र्याच्या एका बेवारशी पिल्लाचे सख्य जमते, अशी बालकथा मी लिहिली, परंतु ते सख्य मुलांना खरे वाटत नाही. दोष कोठे असावा?

उत्तर : आपल्या कथेत पिल्लू पहिल्याच रात्री पहारेकऱ्याच्या मांडीवर निजते, आणि तेथेच मुलांचा विश्वास उडतो, कारण माणसाच्या सहवासावाचून वाढलेले अडीच-तीन महिन्यांचे पिल्लू, कितीही भिजलेले व भुकेले असले तरी, वरून येणाऱ्या हाताला भिते. म्हणून पहारेकऱ्याला प्रथम देवडीत, पिल्लाकडे पाठ करून, कंदिलाची काच पुसत बसवा. भाकरीचा तुकडा त्याने दूर, वळचणीच्या कोरड्या पायरीवर ठेवावा, आणि पिल्लाने तो उचलून पळ काढावा. हे अंतर रोज हातभर घटू लागले, पोटाखाली दडवलेली शेपटी हळूहळू बाहेर आली, की वाचणारे मूल स्वतःच मोजदाद करू लागते. पिल्लाला हाकलण्याचा मुख्याध्यापकांचा हुकूम मात्र याच्या मध्यावर, सख्य अर्धवट असतानाच, सुटू द्या. आपण तो अखेरीस घातल्याने गोष्ट विनाकारण रडवी झाली आहे. पिल्लाच्या तोंडची भाषणे गाळलीत तरी चालेल, किंबहुना गाळाच.