चढावरचं इंजिन काय बोलेल?

प्रश्न : माथेरानच्या गाडीवरील ॲनिमेशनपटात इंजिनाचे संवाद मुलांना कंटाळवाणे वाटतात. काय करावे? – एक वाचक, नेरळ

उत्तर : वाचकाने पाठवलेलं वाक्य असं आहे : ‘चढ फार असल्यामुळे मला वर पोहोचता येईल की नाही याची काळजी वाटते.’ यात भावना अगदी शेवटी येते, तोवर मूल दुसरीकडे बघू लागतं. ते असं तोडावं : ‘बाप रे! केवढा चढ!’ मग क्षणभर थांबून, ‘चढू का?’

चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळ्याची विनवणी तीच राहते, चिमणीची सबब मात्र बदलते. तसंच ‘चढू का?’ तीनदा यावं : नेरळला उत्साहात, वळणावर घाबरून, माथ्याजवळ हसत. शब्द तेच, सूर वेगळा. तिसऱ्या वेळेआधी थोडी शांतता ठेवावी.

मसुदा चार-पाच वर्षांच्या मुलांना वाचून दाखवावा. तिसऱ्यांदा ती आपणहून बोलली नाहीत, तर पालुपद आणखी छोटं करावं.