चिठ्ठीतलं न लागणारं नाव

प्रश्न : (मजकूर नाही, फक्त हस्तलिखित औषधचिठ्ठीचा फोटो.)

उत्तर : दुसऱ्या औषधाचं नाव लागत नाही, आणि अंदाजाने मी ते सांगणार नाही. आजारावरून ओळखता येईल, असं तुम्ही म्हणाल. पण १९९५ मध्ये टेक्सासमध्ये हृदयरुग्णाला लिहिलेलं ‘आयसॉर्डिल’ औषधविक्रेत्याने ‘प्लेन्डिल’ वाचलं. प्लेन्डिल हे रक्तदाबाचं औषध, म्हणजे आजाराकडे पाहून शंका येणं अवघडच. शंका यायला हवी होती मात्रेवरून : २० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, दिवसाला ८०, प्लेन्डिलची कमाल मात्रा १०. रुग्ण दगावला. म्हणून दवाखान्यात फोन करून विचारा : औषधाचं नाव एकेक अक्षर सांगाल का, ते कशासाठी, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस? उत्तर लिहून घ्या आणि पाकिटाशी ताडून पाहा.