साठ डॉलरचा पॅडल फ्लोट आणि त्यामागचा खरा खर्च

सिअ‍ॅटलच्या प्युजेट साउंडचं पाणी ऐन उन्हाळ्यातही थंडगार असतं, बऱ्याच ठिकाणी १० ते १३ अंश सेल्सिअस. कयाक उलटली की पहिलं मिनिट धाप आवरण्यातच जातं आणि साधारण दहा मिनिटांत बोटांची पकड ढिली पडू लागते. एकट्याला पुन्हा होडीत चढायचं असेल तर ते या वेळातच.

आधी बाहेर पडणं. उलटं असतानाच पुढे वाका, स्प्रे स्कर्टची दोरी पुढे आणि मग वर ओढून स्कर्ट सोडवा, कमरेशी कॉकपिटच्या कडा धरून शरीर बाहेर ढकला. वल्हं आणि होडी सोडू नका. एक पाय कॉकपिटमध्ये अडकवून ठेवा म्हणजे फ्लोट बांधायला दोन्ही हात मोकळे राहतात.

फ्लोट वल्ह्याच्या एका पात्यावर चढवा, पट्टा घट्ट करा, फुगवा आणि मगच होडी सुलटी करा. वल्ह्याचा दांडा कॉकपिटच्या मागे, होडीला काटकोनात ठेवा. फ्लोट बाहेर तरंगत राहील. दांडा आणि कॉकपिटची कड एकाच मुठीत धरून पाय मारत छाती मागच्या डेकवर आणा. तोंड शेपटीकडे ठेवून आधी एक पाय दांड्यावर टेकवा, मग दोन्ही पाय कॉकपिटमध्ये सरकवा. वळून बसताना भार सतत फ्लोटच्या बाजूला हवा. बहुतेकजण दुसऱ्यांदा उलटतात ते इथेच, घाईने दुसऱ्या बाजूला झुकल्यामुळे. पाणी उपसून होईपर्यंत फ्लोट काढू नका.

आता पैसे. फुगवायचा फ्लोट साधारण ५० ते ८० डॉलर, हातपंप ३० ते ४५. फोमचा फ्लोट फुगवावा लागत नाही, बधिर हातांना तो सोयीचा, पण उचल कमी आणि डेकवर जागा जास्त. बिनबाह्यांचा वेटसूट १२० डॉलरपासून मिळतो, ड्रायसूटला हजाराच्या आसपास मोजावे लागतात. फ्लोट ६०, पंप ४०, वेटसूट १५० आणि बचावाच्या एका वर्गाचे १५० धरले, तर ४०० डॉलर होतात.

पण होडी चुकली तर हे ४०० वाया. तीन-चारशे डॉलरच्या तळ्यातल्या कयाकला बहुधा पुढचा बल्कहेड नसतो. तिच्या नाकापर्यंत पाणी भरतं, ती डगमगत राहते आणि हातपंप पुरा पडत नाही. समुद्रासाठी पुढे-मागे दोन्हीकडे बल्कहेड असलेलीच घ्या. जुनी घेत असाल तर झाकणं उघडून कप्पे कोरडे आहेत का, ते पाहा.

सराव उन्हाळ्यात लेक समामिशमध्ये, किनाऱ्याजवळ, सोबत कुणीतरी असताना करा. तिथे शांत पाण्यातही पाच मिनिटांत चढता येत नसेल, तर साउंडवर एकट्याने जाऊ नका.