माकडताप : मेलेले माकड देते पूर्वसूचना

काही रोग माणसाला पूर्वी ठाऊकच नसतात आणि अचानक समोर येतात. काही रोग एका कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहतात व मग नव्या मुलखात पाय पसरतात. आपल्या कोकणात आलेला माकडताप या दोन्ही प्रकारांत बसतो. त्याचे शास्त्रीय नाव क्यासनूर जंगल रोग. तो सिंधुदुर्गात आहे, मग पनवेलकरांना त्याचे काय, असे कोणी विचारील. पण मुंबई-गोवा महामार्ग आपल्या दारातूनच जातो आणि पनवेल परिसरातील अनेक कुटुंबांची गावे तळकोकणात आहेत. काजूच्या हंगामात गावी जाऊन आलेल्या माणसाला ताप भरतो तो बहुधा इथे परतल्यावर.

शोध कसा लागला?

सन १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा (आताचे शिवमोग्गा) जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. माकडे आणि माणसे एकाच वेळी मरतात हे ऐकून तज्ज्ञांना धडकी भरली, कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची साथ अशीच दिसते. पीतज्वर भारतात कधी आलेला नाही. तो पसरवणारा डास मात्र आपल्याकडे भरपूर आहे. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तपास हाती घेतला. रुग्णांचे रक्त, मेलेली माकडे आणि जंगलातील गोचिडी तपासल्यावर उलगडा झाला. हा पीतज्वर नव्हता. गोचिडीतून पसरणारा एक अगदी नवा विषाणू होता आणि त्याचे जवळचे भाऊबंद रशियात सापडलेले होते.

म्हणजे नव्या रोगाची पहिली वर्दी दवाखान्यातून आली नाही, जंगलातून आली. मेलेल्या माकडांची दखल घेतली गेली म्हणूनच तपासाला दिशा मिळाली.

रोग पसरतो कसा?

हा विषाणू जंगलातील उंदीर, चिचुंद्री यांसारखे छोटे प्राणी आणि गोचिडी यांच्यात फिरत असतो. पावसाळ्यानंतर गोचिडीची पिल्ले वाढू लागतात. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात त्यांची मधली अवस्था असते. या अवस्थेतील गोचीड इतकी बारीक असते की अंगावर चढली तरी कळत नाही, आणि तीच माणसाला व माकडाला चावते. काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची माकडे या विषाणूने लवकर दगावतात. माकड मेले आणि अंग थंड पडले, की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात व आसपासच्या पालापाचोळ्यात नव्या शिकारीची वाट पाहतात. म्हणून माकड पडलेली जागा सर्वांत धोक्याची ठरते. गुरांना हा रोग सहसा होत नाही, परंतु मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसल्या जाऊन त्यांची संख्या वाढते.

पहिली पन्नासहून अधिक वर्षे हा रोग मुख्यतः शिमोगा व त्याच्या शेजारच्या भागात राहिला. नंतर २०१२ च्या सुमारास तो कर्नाटकाच्या दक्षिण टोकाला बंदीपूरकडे, पुढे केरळात, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांद्याच्या परिसरातही रुग्ण मिळाले. जंगल तोडून केलेल्या बागा, जंगलाच्या कडेला चरणारी गुरे आणि त्याच कडेवर राबणारी माणसे यांमुळे माणूस व गोचीड यांची गाठ वारंवार पडते. काजू बिया जमिनीवर पडतात व त्या पाचोळ्यातून वेचाव्या लागतात. हंगामही नेमका गोचिडीच्या धोक्याच्या महिन्यांतला.

लक्षणे व निदान

गोचीड चावल्यानंतर ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप येतो. डोके व अंग विलक्षण दुखते, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींना नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. बरेच रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. परंतु काहींना ताप उतरून गेल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो उलटतो आणि मग भ्रम, हातापायांना कंप अशी मेंदूची लक्षणे दिसतात. शंभर रुग्णांत सुमारे ३ ते ५ दगावतात.

घोटाळा होतो तो इथेच. रक्तातील प्लेटलेट्स डेंग्यूतही कमी होतात आणि यातही. समजा, पनवेलचा एक गृहस्थ मार्चमध्ये दोडामार्गकडे काजू वेचायला जाऊन रविवारी परतला आणि गुरुवारी त्याला ताप भरला. मलेरिया नाही, डेंग्यूची तपासणीही नकारार्थी. डॉक्टरांनी ‘कुठला तरी व्हायरल’ म्हणून सोडून दिले तर खरा रोग हाती लागत नाही. मात्र डेंग्यू व लेप्टोचा जोर आपल्याकडे पावसाळ्यात व त्यानंतर असतो, तर हा ताप कोरड्या हंगामातला. त्यात ‘गेल्या दहा दिवसांत रानात गेला होतात का? तिथे माकडे मेली होती का? सोबतचे कोणी आजारी आहे का?’ हे तीन प्रश्न विचारले तर संशय योग्य दिशेला जातो. पहिल्या काही दिवसांत रक्तात प्रत्यक्ष विषाणूचा अंश सापडतो. पुढे तो कमी होतो व प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. म्हणून तापाचा कितवा दिवस आहे, हे नमुन्यासोबत कळवणे आवश्यक असते.

या विषाणूवर खास औषध नाही. पूर्वीची लस पुरेसा गुण देत नसल्याने तिचा वापर थांबवण्यात आला. वेळीच निदान झाले, तर पाणी, रक्तदाब व रक्तस्राव यांकडे लक्ष ठेवून रुग्णाला सांभाळता येते. अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

काय करावे?

रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, पायमोजे पँटवर ओढावेत व उघड्या अंगाला डीएमपी तेल लावावे. परतल्यावर गरम पाणी व साबणाने स्नान करून कपडे गरम पाण्यात टाकावेत. चिकटलेली गोचीड चिमट्याने सरळ ओढून काढावी, बोटांनी चिरडू नये.

गावी मेलेले माकड दिसले तर हात न लावता, जवळ न जाता वनखाते किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. शव ताजे असेल तरच तपासणीचा उपयोग होतो, आणि त्या जागेभोवती औषध टाकून गोचिडी मारता येतात. प्रत्येक माकड याच रोगाने मरते असे नाही. उलट दाट रानात मेलेली माकडे कोणाला दिसतही नाहीत. म्हणून माकड मेले नाही, याचा अर्थ रोग नाही असाही घेऊ नये. रानात जाणाऱ्या दोघा-तिघांना एकाच आठवड्यात ताप आला, तर तेवढीही खूण आरोग्य केंद्राला कळवण्यास पुरेशी आहे.