छेचाळीस शब्दांची जाहिरात वीस शब्दांत

सोनगीरच्या एखाद्या भांडी-दुकानदार कुटुंबाने मुलासाठी लिहिलेला हा मजकूर पाहा:

'आमच्या चिरंजीवासाठी सुयोग्य, सुशिक्षित, सुसंस्कृत, सुंदर, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे. मुलाचे वय २९ वर्षे, उंची ५ फूट ७ इंच, शिक्षण बी. कॉम., सोनगीर येथे स्वतःचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान, स्वतःचे घर, निर्व्यसनी, एकुलता एक. मुलगी पदवीधर असावी, नोकरी करणारी असल्यास चालेल. इच्छुकांनी खालील मोबाईल नंबरवर संपर्क साधावा.'

मोबाईल नंबर धरून हे ४६ शब्द झाले. दर प्रत्येक दैनिकाचा आणि आवृत्तीचा वेगळा असतो. हिशेबासाठी समजू, पहिल्या २० शब्दांना ४०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला २० रुपये. म्हणजे ९२० रुपये, वर ५ टक्के जीएसटी, एकूण ९६६.

आता कात्री लावू. सुरुवातीची पाच विशेषणे सगळ्याच जाहिरातींत असतात, त्यातून तुमच्या घराबद्दल काहीच कळत नाही. 'वय', 'वर्षे', 'उंची', 'शिक्षण' हे शब्द नसले तरी आकडे आणि पदवी वाचणाऱ्याला समजतात. नंबर छापला की संपर्क साधा, हे वेगळे सांगावे लागत नाही. 'बी.कॉम.' आणि '५'७"' मध्ये जागा न सोडता लिहा, नाहीतर एकाचे दोन शब्द मोजले जातात. 'चालेल' मात्र मी पैशांसाठी नव्हे, सुरासाठी काढतो. मुलीच्या घरी तो उपकारासारखा वाचला जातो.

'युवक, २९, ५'७", बी.कॉम., निर्व्यसनी. सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांचे स्वतःचे दुकान, घर. आईवडिलांसोबत वास्तव्य. पदवीधर वधू पाहिजे. लग्नानंतर नोकरीस पाठिंबा.' आणि पुढे नंबर.

बरोबर २० शब्द, जीएसटीसह ४२० रुपये. 'तांब्या-पितळेच्या' हा जोडशब्द काही ठिकाणी दोन धरतात, ते आधीच विचारा. 'एकुलता एक' जाऊन 'आईवडिलांसोबत वास्तव्य' आले, कारण येणाऱ्या मुलीला घरात कोण कोण आहे हे आधी कळायला हवे.

काही शब्द वाचवायचेच नाहीत. घटस्फोट झाला असेल, आधीचे मूल असेल, अपंगत्व असेल तर ते जाहिरातीतच लिहा. २० रुपयांसाठी ते गाळले तर पाहण्याच्या कार्यक्रमात दोन्ही घरांना मान खाली घालावी लागते. जातीची अट नसेल तर 'जातीची अट नाही' या तीन शब्दांचे ६० रुपयेही जरूर द्या. त्याशिवाय अनेक घरे फोनच करत नाहीत.

ठळक अक्षरे आणि चौकट यांचे पैसे वेगळे लागतात. त्याऐवजी त्या पैशात धुळ्याबरोबर जळगाव आवृत्तीही मिळते का, ते विचारा. जाहिरात देताना ओळखपत्राची प्रत मागितली जाते, ती सोबत न्या. छापण्याआधी मजकूर व्हॉट्सअॅपवर मागवा आणि नंबर दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. पावतीवर शब्दसंख्या, आवृत्ती आणि तारीख लिहून घेतली, तर चूक झाल्यास जाहिरात पुन्हा छापून मागता येते.