इसार देण्याआधी

बैल घ्यायचा तर आपण त्याचे दात पाहतो, चालवून बघतो, मग इसार देतो. जुनी मोटार मात्र आता मोबाइलवर दिसते आणि इसारही मोबाइलवरच मागतात.

समजा, जाहिरात अशी आहे : "चिंचपोकळी. 2017 ची मोटार. पहिला मालक. किंमत 1,60,000 रुपये. गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. आजच 5,000 रुपये पाठवा." इतकी घाई कशाला, हे आधी मनात धरावे.

प्रथम गाडीचा नंबर मागा. फोटोत नंबर झाकलेला असेल आणि विचारूनही देत नसेल, तर तो सौदा सोडा. चिंचपोकळीकडच्या गाड्यांची नोंद बहुधा ताडदेवच्या आर.टी.ओ.त होते, म्हणून नंबर MH-01 ने सुरू होतो. दुसरा असला म्हणजे खोटे असे नाही, पण गाडी कुठून आली ते विचारा.

आता सरकारी नोंद पाहा. तिचे ठिकाण parivahan.gov.in. मोबाइलवर mParivahan हे सरकारी अ‍ॅपही आहे. पत्ता अक्षर अक्षर वाचा. शेवट .gov.in असाच हवा. gov हे अक्षर मध्येच कुठे दडवून शेवट दुसराच केला असेल, तर ते ठिकाण सरकारी नव्हे.

ही नोंद म्हणजे गाडीचा सातबाराच. आमच्या गड्याने नंबर घातला. नोंद निघाली 2014 ची, मालक तिसरा, आणि गाडीवर बँकेचा बोजा! मालकाचे पुरते नाव तिथे दिसत नाही, काही अक्षरे झाकलेली असतात. म्हणून आर.सी. बुक हातात घेऊन ताडून पाहावे. बोजा असला तर बँकेचे ना हरकत पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म यांवाचून तो उतरत नाही. तोवर गाडी आपल्या नावावर नीट चढत नाही.

गाडीचा "इतिहास" विकणारी खाजगी ठिकाणेही आहेत. पैसे घेऊन ती पुष्कळदा हीच सरकारी माहिती छापून देतात. "अपघात नाही" याचा अर्थ एवढाच, की त्यांना तशी नोंद सापडली नाही. किलोमीटरचा काटा मागे फिरवला असेल, तर ते या नोंदीत सहसा दिसत नाही.

पाण्यात बुडालेली गाडीही कागदावर चांगलीच दिसते. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईत कितीतरी मोटारी बुडाल्या. परळजवळ हिंदमाताला तर पावसाळ्यात पाणी तुंबतेच. म्हणून गाडी दिवसा पाहा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. आत चिखलाची रेघ दिसेल. पायाखालची चटई उचला, वास घ्या, सीटखालचे लोखंड गंजले आहे का पाहा.

"मी फौजेत आहे, बदली झाली, गाडी पार्सलने पाठवतो" असे सांगणारेही भेटतात. वर्दीचा फोटोही दाखवतात. गाडी न पाहता त्यांना पैसा देऊ नये. दिलाच असेल, तर तत्काळ 1930 ला फोन लावा. उशीर झाला की पैसा पुढच्या खात्यात पळतो.

आमच्या गड्याने इसार दिला नाही. त्याने मालकाला सांगितले, "दादा, आधी बँकेचा कागद आणा. मग आर.टी.ओ.त 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करू, तेव्हाच पैसे मोजू." त्यानंतर मालकाचा फोन आला नाही.