दोष आकड्यांत सांगा

समजा, तुमच्या शाळेने परदेशी बनावटीचा डिजिटल मल्टिमीटर घेतला आणि तो व्होल्टेज जास्त दाखवू लागला. हमीची मुदत अजून शिल्लक आहे. उत्पादकाला ई-मेल पाठवायचा आहे. पण "मीटर बिघडला" एवढ्यावरून त्याला काय कळणार?

प्रथम मीटरमधील बॅटरी बदला. ती उतरली की आतील संदर्भ-व्होल्टेज घसरते. त्याच्याशी तुलना करूनच मीटर मापन करतो, म्हणून आकडा फुगतो. हा दोष मीटरचा नव्हे.

आता 9 व्होल्टच्या एकाच बॅटरीला हा मीटर व दुसरे दोन चांगले मीटर समांतर जोडा. समजा, ते दोन्ही 9.12 दाखवतात आणि आपला 9.61. फरक 0.49 व्होल्ट.

किती फरक क्षम्य? माहितीपुस्तिकेत अचूकता ±(0.5% + 2 अंक) दिली आहे असे धरू. 9.12 चा 0.5 टक्का म्हणजे सुमारे 0.05, शेवटच्या स्थानाचे 2 अंक म्हणजे 0.02. एकूण 0.07. आपला फरक याच्या सातपट आहे. हेच वाक्य पत्राचा गाभा होय.

विषयाच्या ओळीत मॉडेल व अनुक्रमांक लिहा. खरेदीच्या तारखेत महिना अक्षरांत लिहा. 3/4 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, तर अमेरिकेत 4 मार्च! सोबत तीन छायाचित्रे जोडा: जोडलेले तिन्ही मीटर एकाच चित्रात, अनुक्रमांकाची पट्टी आणि पावती. शेवटी दुरुस्ती हवी की बदली, ते स्पष्ट मागा. उत्तर येईपर्यंत मीटरचे सील मात्र तोडू नका. त्यामुळे हमी नाकारली जाऊ शकते.